गुरुवार, चार ते साडेचार

थीसिसची माझी गाईड माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला असं मी बरेच दिवस स्वतःला पटवत होते.

वॉर्डात मी इन्चार्ज सिस्टर. वीस खाटा आणि हाताखाली नऊ जणी. राऊंडला आलेले सर्जनसुद्धा फाईल उघडण्याआधी माझा चेहरा वाचतात. आणि हीच मी, एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी, चारला पाच कमी असताना या गाईड मॅडमच्या केबिनबाहेर पर्सचा पट्टा पिळत उभी असायचे. आत गेले की माझ्या तोंडात एकच वाक्य. "हो मॅडम."

"ताई, हा संदर्भ जुना आहे."

"हो मॅडम."

"पण काढू नका, त्याच्या जोडीला नवा शोधा."

"हो मॅडम."

साडेचारला बाहेर पडायचं आणि बसस्टॉपवर उभं राहून आठवायचं, की काढायचा होता की ठेवायचा होता? लिहून घ्यायची लाज वाटायची. उगाच वाटायचं, या वयात लिहून घेतेय म्हणजे डोक्यात राहत नाही असं समजतील.

माझ्या थीसिसचा विषय ऐकून तर आमचे हे पोट धरून हसले होते. पाळी बदलताना नर्स एकमेकींना पेशंटची काय माहिती देतात आणि काय द्यायचं राहतं, म्हणजे आमचं रोजचं हँडओव्हर. "बावीस वर्षं तेच करतेयस," ते म्हणाले, "आता त्याचं सर्टिफिकेटही घेणार?"

घेणारच होते. दुसऱ्या विभागातल्या बारा नर्सच्या मुलाखती घेऊन झाल्या होत्या. पहिली तीन प्रकरणं मॅडमनी पास केली होती. राहिलं होतं चौथं, म्हणजे मुलाखतींतून काय निघालं ते, आणि पाचवं, समारोपाचं. मेट्रननी मला गुरुवारची दुपार आणि आठवड्यातला आणखी एक दिवस मोकळा दिला होता, पण फक्त या सत्रापुरता. "पुढच्या सत्रात मागू नकोस," त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "माणसंच नाहीत." म्हणजे जमा करायची तारीख हुकली की पुढच्या सत्रात पूर्ण ड्युटी, आणि पूर्ण ड्युटीत थीसिस होत नसतो. तो कपाटात जातो आणि कपाटातून परत येत नाही. आमच्याच हॉस्पिटलात अशी दोन कपाटं मला माहीत आहेत.

चौथ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा मॅडमकडून परत आला तेव्हा समासात अडतीस शेरे होते. अडतीस! मी मोजले, मग पाणी प्यायले, मग परत मोजले. आणि एखाद्या शहाण्या मुलीसारखी पहिल्यापासून सुरुवात केली. स्वल्पविराम, तक्त्याचं शीर्षक, पान नंबर, हा शब्द दोनदा आलाय. दहा-बारा दिवसांत सदतीस शेरे निकालात काढले. राहिला एक. मी लिहिलं होतं, "घाईमुळे माहिती सांगायची राहून जाते." त्याच्यासमोर मॅडमचा शेरा, "हे कशावरून?"

कशावरून म्हणजे काय? सगळ्यांना माहीत आहे. घाई असते.

पण मुलाखतींत ते काही सापडेना. दोघी-तिघी घाईचं बोलल्या होत्या, बाकीच्या भलतंच काहीतरी. आणि तेवढ्या एका वाक्यावर अख्खं प्रकरण उभं होतं. गुरुवार जवळ आला तेव्हा दाखवायला काही नव्हतं. मी मेसेज केला, "मॅडम, वॉर्डात फार गडबड आहे. पुढच्या वेळी भेटूया का?" उत्तर आलं, "ठीक आहे." पुढच्या वेळी पुन्हा तेच. वॉर्डात गडबड, आणि "ठीक आहे."

त्या दुसऱ्या "ठीक आहे"मध्ये मी काय काय वाचलं नसेल! मॅडम रागावल्या. मॅडमनी नाद सोडला. मॅडम मनात म्हणतायत, हिला झेपत नाही.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. बोलणंही तसंच. जेवताना म्हणाले, "कितव्या मजल्यावर अडकलीस?"

"चौथ्या."

"मग घंटा दाब की. लोकांचं हेच असतं बघ. अडकले की आधी स्वतःच दार उचकटत बसतात. घंटा दाबायची लाज वाटते."

"ही लिफ्ट नाहीये."

"बरं," म्हणाले, "मग बस आत."

मी भाजीचं पातेलं त्यांच्यापुढून उचललं. त्यांना अजून वाढून घ्यायचं होतं, हे मला दिसत होतं.

जमा करायला बरोबर नऊ आठवडे उरले होते त्या बुधवारची गोष्ट. सकाळी आठला मी हँडओव्हर घ्यायला उभी, आणि आमची धाकटी काही समोर येईना. धाकटी म्हणजे वॉर्डात सगळ्यात नवी, रात्रपाळीला होती. शेवटी सहा नंबरच्या खाटेशी सापडली, ओल्या फडक्यानं पेशंटचं कपाळ पुसत.

"काय चाललंय?"

"सिस्टर, पहाटेपासून ताप चढतोय. म्हटलं, जरा उतरला की मग तुम्हाला हँडओव्हर देते. असं बिघडलेलं कसं हातात द्यायचं?"

"डॉक्टरांना कळवलंस?"

"तेवढं लगेच कळवलं. गोळीपण दिली. तुम्हालाच सांगायचं..."

"अगं बाई! बिघडलंय म्हणून तर सगळ्यात आधी सांगायचं! बरं झाल्यावर सांगून काय उपयोग? मी काय तुला ओरडायला उभी आहे इथं?"

"आत्ता ओरडतच आहात," ती पुटपुटली.

मी ओरडतच होते. मग एकदम थांबले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. इन्चार्ज सिस्टर ओरडताना मधेच थांबली, हे त्या वॉर्डात कोणी पाहिलं नव्हतं. "बरं," मी आवाज खाली आणून म्हटलं, "सांग. काय झालं, काय केलंस, काय राहिलंय."

पेशंटचं सगळं मार्गी लागलं. दुपारच्या सुट्टीत पँट्रीत बसून मी बारा मुलाखतींचे कागद परत काढले. या वेळी घाई शोधली नाही, फक्त वाचत गेले. तिसरी म्हणाली होती, "सलाईनची जागा सुजली होती, म्हटलं आधी नीट करू, मग बोलू." सातवी म्हणाली होती, "आपल्या पाळीत बिघडलं की सांगताना जीभ अडते." पहिली, पाचवी, नववी, अकरावी, बारावीसुद्धा तेच. बारांपैकी सात जणी. मी स्वतः घेतलेल्या मुलाखती, स्वतःच्या हातानं टाईप केलेल्या. घाई डोक्यात पक्की बसली होती, म्हणून हे दिसलं नव्हतं. घाईत माहिती सुटते हे खरंच, पण त्याहून जास्त ती लाजेत सुटते.

आणि हे लिहिणारी बाई गेले महिनाभर गाईडला तोंड दाखवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मॅडमना मेसेज केला, "चारला येते. प्रकरण झालेलं नाही. तरी येते." उत्तर आलं, "या ना ताई." तीन शब्द, पण मी बसमध्ये ते दोनदा उघडून पाहिले.

केबिनमध्ये मी वही काढली आणि पर्स खाली ठेवली. "मॅडम, आज मी हँडओव्हर देते. मधे थांबवू नका, नाहीतर परत 'हो मॅडम' सुरू होईल."

त्या हसल्या. "द्या."

"झालंय काय, तर सदतीस शेरे दुरुस्त केले. राहिलंय काय, तर सगळ्यात महत्त्वाचा शेरा, कारण मी छोटे आधी घेतले. बिघडलंय काय, तर माझा निष्कर्ष चूक आहे. आणि वॉर्डात काही गडबड नव्हती. दोन्ही वेळा." मग सात जणींची वाक्यं वाचून दाखवली.

मॅडमनी कागद हातात घेऊन ती वाक्यं स्वतः एकदा वाचली. मग म्हणाल्या, "ताई, हे तुमच्या पहिल्या मसुद्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. हे घेऊन तुम्ही यायचं टाळत होतात?"

"हे कालच सापडलं. टाळत होते ते रिकाम्या हातांनी यायचं."

"मला वाटलं, तुम्हाला माझ्याकडून शिकायला आवडत नाही. एवढा अनुभव तुमचा. म्हणून मी जास्तच काटेकोर शेरे दिले. कमी पडायला नको म्हणून."

"अडतीस?"

"चाळीस होते. दोन पुसले."

मग त्या सांगतील ते मी लिहून घेतलं, आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. वॉर्डात आम्ही हे करतोच. ऐकणारीनं परत म्हणून दाखवल्याशिवाय हँडओव्हर पुरा होत नाही. "मी काय ऐकलं सांगते. घाईचा भाग काढायचा नाही, छोटा करून शेवटी ठेवायचा. लाजेचा भाग आधी, सात उदाहरणांसह."

"सात नको. चार बोलकी घ्या. पण ज्या पाच जणी तसं बोलल्या नाहीत, त्यांचंही लिहा."

बघा! वाचून दाखवलं नसतं तर सात घेऊन आले असते आणि पाच विसरले असते.

शेवटी मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. नऊ आठवडे. घरी केलेला तक्ता वहीतून काढून पुढे ठेवला. चौथं अमुक दिवस, पाचवं अमुक दिवस, संपलं. मॅडमनी तो पाहिला आणि विचारलं, "यात मी कुठे आहे?"

"म्हणजे?"

"मला एक प्रकरण वाचायला दहा दिवस लागतात. पाचव्या आठवड्यात परीक्षेचे पेपर तपासायला मी बाहेरगावी. ऑफिस साहित्यचोरीची तपासणी करतं, त्याला चार दिवस. मग बाइंडिंग. तुमच्या तक्त्यात मी रात्रीत वाचून सकाळी देतेय."

बावीस वर्षं ड्युटीचे तक्ते लावणारी मी, आणि समोरच्या बाईची पाळीच धरली नव्हती.

आम्ही तारखेपासून उलटं मोजत आलो. शेवटचा आठवडा ऑफिस आणि बाइंडिंगला. त्याआधी आठवडाभर माझ्या दुरुस्त्या. सहाव्याच्या मध्यावर सगळा थीसिस मॅडमच्या हातात. चौथं प्रकरण दोन आठवड्यांत, कसंही असो, आणि त्या ते वाचत असताना मी पाचवं लिहायला घ्यायचं. गुरुवार रद्द करायचा नाही. भेटीच्या आधीच्या सोमवारी जे असेल ते पाठवायचं आणि भेट झाली की त्याच दिवशी "आज काय ठरलं" याचा चार ओळींचा मेल मी करायचा.

"आणि शेरे?" मी विचारलं.

"महत्त्वाच्या तीन शेऱ्यांवर खूण करेन. बाकीचे शेवटी."

पहिल्या सोमवारी मी अकरा पानं पाठवली. इतकी वाईट पानं मी जन्मात कोणाला दाखवली नव्हती. तीन ठिकाणी तर नुसतं "इथे काहीतरी" असं लिहिलं होतं. पाठवून मोबाईल डब्यांच्या मागे ठेवला. ह्यांनी विचारलं, "घंटा दाबलीस?" मी म्हटलं, "दाबली." भाजी दोनदा वाढली.

मॅडमनी "इथे काहीतरी"च्या समोर लिहिलं होतं, "हो, इथे नक्कीच काहीतरी."

सगळं सरळ झालं नाही. सहाव्या आठवड्यात दोघी जणी रजेवर गेल्या आणि माझं तीन दिवसांचं लिखाण बुडालं. पण त्या दिवशीच मॅडमना कळवलं. त्यांनी वाचनाचे तीन दिवस पुढे सरकवले आणि माझ्या दुरुस्त्यांचे तीन कापले. कापलेले दिवस चांगलेच टोचले. पण तारीख हलली नाही.

शेवटच्या गुरुवारी सहीसाठी गेले. बांधलेल्या तीन प्रती, निळं कव्हर. सह्यांना मिनिटभर लागलं. ऑफिस पाचपर्यंत उघडं होतं, घड्याळात चार वाजून दोन मिनिटं. मी उठायला लागले.

"बसा ना," मॅडम म्हणाल्या, "अर्धा तास तुमचाच आहे."

बसले. प्रती पिशवीत भरल्या. आणि मग त्यांच्या टेबलावर, कागदांच्या खाली अर्धवट दबलेला एक गठ्ठा मला दिसला. वरच्या पानावर त्यांचं नाव, कोपऱ्यावर कपाचा गोल डाग.

"हे काय?"

"माझा लेख. आमच्या विभागप्रमुखांना वाचायला द्यायचाय. तीन महिने झाले." त्यांनी गठ्ठा थोडा आत सरकवला. "अजून दाखवण्यासारखा झाला नाहीये."

मी पर्स परत खाली ठेवली, वही काढली आणि कोरं पान उघडलं.

"सांगा मॅडम," मी म्हटलं. "काय झालंय, काय राहिलंय, काय बिघडलंय?"