काळं अस्तर

त्या घरात दिवसा कुणी मोठ्याने बोलत नसे. नवरा पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला, भट्टीवर. सकाळी सगळं जग दारं उघडायचं तेव्हा तो घरी येऊन दार लावून घ्यायचा. मग घरात मांजराच्या पावलांचं राज्य सुरू व्हायचं. दारावरच्या घंटेला आतून चिंधी बांधलेली, खुर्च्यांच्या पायांना जुन्या मोज्यांचे बूट, आणि मुलगी लहानपणापासून शिंक आली तर न्हाणीघरात पळणारी. झोपायच्या खोलीत तो झोपलेला असताना पाऊल टाकायचं नाही, हा तर घरातला सर्वांत जुना कायदा. सुट्टीच्या रात्रीही त्याला झोप येत नसे. तो टीव्हीसमोर बसून राही आणि ती मुलीच्या खोलीत निजे. कित्येक वर्षं ती दोघं एका वेळी एका पलंगावर झोपलीच नव्हती.

एवढं करूनही तो उठायचा तो डोकं धरूनच. पुस्तक हातात घेतलं की मान पडायची, जेवताना घास तोंडात तसाच राहायचा. "दिवसाची झोप ती," तो म्हणायचा, "उधार आणलेल्या कपड्यासारखी. अंगाला बसतच नाही."

पन्नाशीला त्याला काय द्यायचं, हा प्रश्न तिला पडलाच नाही. ती शिवणाच्या दुकानात काम करायची. खोलीतले फुलाफुलांचे पडदे उजेड अडवत नव्हते, फक्त रंगवत होते. तिने दुकानाच्या मास्तरांकडून काळ्या थराचं जाड अस्तर मागवलं, वरून निळं कापड घेतलं आणि पडदे दुकानातच शिवले, कारण घरी मशीनचा आवाज झाला असता. खिडकीपेक्षा चांगले हातभर रुंद केले. दांडीची टोकं भिंतीकडे वळवून घेतली, म्हणजे बाजूने उजेड शिरायला नको. अस्तर मधे कुठेही टाचलं नाही, फक्त कडांना. सुई जिथे जाते तिथे भोक पडतं, आणि उन्हात त्या भोकाचा तारा होतो.

वाढदिवसाच्या संध्याकाळी पडदे पाहून नवरा म्हणाला, "अगं, ही खोली आहे की फोटो धुवायची जागा?" पण त्याला आवडले होते. हात फिरवून त्याने दोनदा कापड पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानातून लवकर आली. पडदा कुठे गळतो ते बाहेरून कळत नाही. आत उभं राहून, डोळे अंधाराला सरावू देऊन, बाहेर कडक ऊन असतानाच ते बघावं लागतं. तिने कायदा मोडायचं ठरवलं. चपला काढून, हातात पांढरा खडू घेऊन ती आत सरकली आणि दार ओढून घेतलं. जिथे उजेड दिसेल तिथे खूण करायची आणि निघायचं.

अंधार चांगला जमला होता. वरच्या शिवणीत एक चांदणी तेवढी दिसली. नवरा उताणा पडून घोरत होता. दाराबाहेरून ते घोरणं घरात सगळ्यांनीच ऐकलेलं होतं, आणि ऐकून समाधानही मानलेलं होतं, की घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय. मधेच ते थांबायचं तेव्हा कूस बदलली असेल म्हणायचे.

आताही ते थांबलं. तिला वाटलं, आपली चाहूल लागली. तिने श्वास रोखला आणि पुतळ्यासारखी उभी राहिली. तो कुशीवर वळला नाही. हलला नाही. अंधुक उजेडात त्याची छाती वर ओढली गेली, खाली बसली, पुन्हा ओढली गेली, पण नाकातोंडातून हवेचा आवाज नव्हता. शेवटी तिलाच राहवेना. तिने श्वास सोडला, दुसरा घेतला, तिसराही घेतला. त्याचा अजून पहिला आलेला नव्हता.

मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा तो उसळला, घशातून भसकन हवा आत गेली आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. तो जागा झाला नव्हता. ती खडू मुठीत धरून उभी राहिली. थोड्या वेळाने ते पुन्हा थांबलं. मग पुन्हा. किती वेळा ते तिने मोजलं नाही. मुठीतल्या खडूचा चुरा झाला होता हे तिला बाहेर आल्यावर कळलं.

संध्याकाळी तिने सांगितलं, तर नवऱ्याने ते हसण्यावारी नेलं. झोपेत माणूस काय हिशेब ठेवून श्वास घेतो का, म्हणाला, आणि आंघोळीला गेला. तेवढ्यात कारखान्यातला त्याचा सोबती त्याला न्यायला स्कूटर घेऊन आला. अंगाने काटकुळा, म्हणून सगळे त्याला लाटणं म्हणत. घंटेला चिंधी, म्हणून तो नेहमीसारखा नखाने दार खरवडत उभा होता. तिने त्याला दारातच सगळं सांगितलं.

लाटणं गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. "वहिनी, ते तर जुनंच आहे."

"काय जुनं आहे?"

"मधल्या सुट्टीत ते पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर आडवे होतात ना. आम्ही पाळ्या लावल्यात. एकाने चहा घेऊन शेजारी बसायचं. श्वास अडकला की बरगडीत ढोसायचं, की गाडी चालू." हसू चेहऱ्यावर यायला लागलं होतं, ते त्याने आवरलं. "आम्हाला वाटलं, घरी तुम्ही ढोसतच असाल."

ती चौकटीला टेकली. मुलगी आतून सगळं ऐकत होती. पिठाच्या गोदामात परकी माणसं त्याच्या उशाशी बसत होती, आणि इथे ज्यांचा तो होता ती माणसं टाचा उचलून त्याच्यापासून लांब जात होती.

"आणि हे हसतात वर," ती एवढंच म्हणाली.

"त्यांना ठाऊक कुठे असतं, वहिनी? झोपलेले असतात ते."

डॉक्टरांनी तिचंच बोलणं जास्त ऐकून घेतलं, नवऱ्याचं कमी. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू घाबरून क्षणभर जागं करतो, माणसाला मात्र ते आठवत नाही. असा माणूस दिवसभर झोपला तरी झोपलेला नसतो. तपासणीचं यंत्र घरी न्यायला दिलं. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी. हे लावून त्याने नेहमीच्या वेळी, म्हणजे दिवसाच झोपायचं होतं. तोवर कुशीवर झोपा, आणि पेंग येत असेल तर भट्टीजवळ उभे राहू नका, असंही बजावलं. निकाल आला तेव्हा नवरा कागदाकडे न बघता तिच्याकडे बघत होता. त्रास तीव्र होता. ती रडली नाही. पडद्यात ती एक चांदणी राहिली नसती तर, हेच मनात घोळत राहिलं. अंधार पुरता जमला असता, तर त्याची छाती दिसलीच नसती.

मग उपचाराचं दुसरं यंत्र आलं. नाकावर मुखवटा, मागे नळी, आणि हवेचा सततचा दाब, घशाची वाट उघडी ठेवणारा. "आता हत्ती म्हणा मला," नवरा म्हणाला, आणि पडदे ओढून घेऊन झोपला.

ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. घोरणं सुरू झालं नाही. तिने सुरी थांबवून कान दिला. काहीच नाही. धक्क्याने भाजीचं ताट खाली आपटलं, तिकडे न बघता ती धावली, दार ढकललं, पलंगाशी गेली आणि पालथा हात त्याच्या छातीवर ठेवला.

छाती संथ वर आली. खाली गेली. मधे खंड नाही. यंत्र हलकेच फुसफुसत होतं, इतकं हळू की दाराबाहेर ऐकू येणं शक्य नव्हतं.

"काय पडलं?" मुखवट्याच्या आतून तो पुटपुटला.

"ताट."

"मग पडू दे की. झोपू दे मला."

तो लगेच झोपला. ती मात्र उठली नाही. तिथेच जमिनीवर, पलंगाला पाठ लावून बसली. वरच्या शिवणीतली चांदणी अजून तशीच होती. दार सताड उघडं होतं, घरभराचा उजेड आत येत होता, आणि ते लावायला तिचे पाय काही केल्या उठेनात.