पंधरावं लागलं

मी पातूरचा भिक्षुक. माझ्याबद्दल गावात दोन गोष्टी सांगतात: याचं पंचांग पक्कं आणि याचं डोकं गरम. दुसरी खरीच आहे. पहिलीवर माझाही विश्वास होता, शके अठराशे एकोणऐंशीच्या पौषापर्यंत.

त्या पौषात सहदेव माळ्यानं पोरीचं लग्न ठरवलं. सिंधू त्याची थोरली. नदीकाठी त्याची भाजीपाल्याची वाडी, आणि पूजेची फुलं रोज सकाळी सिंधूच आमच्याकडे आणून द्यायची. स्थळ हिवरखेडचं होतं. खुशालरावाचा मुलगा, पाच एकर ओलीत, घरात खाऊन-पिऊन सुखी. मी दोघांची जन्मटिपणं जुळवली, माघातला मुहूर्त काढला आणि कागदावर मुलीचं वय लिहिलं: पंधरा.

चार दिवसांनी सिंधू फुलं ठेवून लगेच गेली नाही. ओट्याखाली उभीच राहिली.

"काय गं?"

"महाराज, तुमी माहं वय पंधरा लिवलं. शाळेतल्या बाईनं परीक्षेच्या अर्जात चौदा लिवलं. कोन्तं खरं?"

ती सातवीत होती. परीक्षा चैत्रात. पास झाली तर अमरावतीला मास्तरणींच्या ट्रेनिंगला जायचं, असं त्या बाईनं तिच्या डोक्यात भरवलं होतं. माघात लग्न झालं म्हणजे परीक्षा गेली आणि अमरावतीही गेली. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मी त्याचा विचार केला नव्हता.

"तुझा जन्म मी मांडला आहे," मी खेकसलो. "तुझी बाई होती का तिथं? पंधरावं लागलं तुला!"

"लागलं. पन झाले किती?"

"पंधरावं लागलं म्हणजे पंधराच. शहाणपण शिकवू नको."

दुसरी पोर पळाली असती. ही पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, "बाबा मोट हाकते, मी पानी वळवतो. पाचव्या वाफ्यात पानी चालू असलं अन् बाबानं इचारलं, किती भरले, तं मी पाच नाई सांगत. एक डाव सांगतलं होतं. बाबानं बैल सोडले, पाचवा वाफा कोरडा राह्यला. लय मार बसला मले."

एवढं बोलून ती निघून गेली. मी फुलांकडे पाहत बसलो. राग आला होता, पण कुणावर ते कळेना.

मग टिपणाची वही काढली. जन्म शके अठराशे पासष्टच्या नागपंचमीचा. मी बोटांवर मोजलं होतं ते असं: पासष्टचं एक, सहासष्टचं दोन, करत करत एकोणऐंशीचं पंधरा. आम्हा भिक्षुकांची ही जुनी खोड. माणूस गेला तो दिवस पहिला धरायचा, मग दहावा, तेरावा. तिथं ते बरोबरच, कारण तिथं कितवा दिवस हे पाहायचं असतं. पण वय म्हणजे किती वर्षं पुरी झाली, हे पाहायचं. पासष्टची नागपंचमी ते सहासष्टची नागपंचमी तेव्हा कुठे एक वर्ष होतं. तसं मोजलं तर मागच्या नागपंचमीला चौदा झाली होती. पंधरावं चालू होतं, भरायचं होतं.

आणि तेव्हाचा कायदा सांगायचा, मुलीला पंधरा वर्षं पूर्ण हवीत. नसली तर बापाला शिक्षा आणि लग्न लावणाऱ्यालाही. आधी मला स्वतःचीच भीती वाटली, हे कबूल करतो. तुरुंगात संध्या कशी करायची, इथपर्यंत विचार गेला. त्यानंतर मात्र लाज वाटली. ज्या पोरीनं मला नीट मोजायला लावलं, तिच्यावरच मी ओरडलो होतो.

तडक वाडीवर गेलो. नेमका खुशालराव देण्याघेण्याचं बोलायला आला होता. दोघं मोटेजवळ बाजेवर बसले होते.

"सहदेव, माझी चूक झाली," मी उभ्यानंच सांगितलं. "सिंधूला पंधरा झालेली नाहीत. चौदा झाली, पंधरावं चालू आहे. माघात लग्न लागत नाही."

खुशालराव हसला. "महाराज, पंधरावं म्हंजे पंधराच नं! माह्या बंडूले एकोनिसावं लागलं, आमी एकोनीसच सांगतो."

"सांगा. पण त्याला झाली अठरा. मुलाला अठरा पूर्ण लागतात, म्हणून त्याचं बसतं. हिचं बसत नाही."

"पाच-सहा महिन्यांची तं गोठ! लिहून टाका. कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राहिलो," मी म्हणालो. आवाज चढला होताच. "नागपंचमीला हिला पंधरा पूर्ण होतील. तोवर चातुर्मास लागलेला असेल. मुहूर्त मार्गशीर्षात मिळेल, त्याआधी नाही. दुसरा भटजी पाहायचा असेल तर खुशाल पाहा, पण टिपण माझ्या हातचं आहे आणि विचारलं तर मी खरं सांगीन."

खुशालराव उठला. पागोटं सारखं करत म्हणाला, "सहदेवभाऊ, आमी दोन पोरी पाह्यल्या होत्या. तुमची पहिल्या नंबरावर होती. आता तुमीच पाहा." आणि धोतराचा सोगा धरून वाट तुडवत गेला.

सहदेव डोकं धरून बसला. "महाराज, काहून असं केलं? असं घर पुन्हा भेटन का? पोरगी सात शिकली, आता अजून काय पाह्यजे तिले?"

"सात नाही शिकली. सातवीत आहे. झाल्या सहा."

त्यानं मान वर केली.

"पाचव्या वाफ्यात पाणी चालू असताना तू बैल सोडतोस का?" मी विचारलं.

"नाई."

"एकदा सोडले होतेस. पोरीला मारलंस वर."

पलीकडे सिंधू मेथीच्या वाफ्यात बसली होती. खुरपं हातात, पण खुरपत नव्हती. सहदेवानं तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सातवी होऊ द्या मंग पुरी."

चैत्रात तिनं परीक्षा दिली. पास झाली. पहिल्या पाचात आली असं मी चार लोकांना सांगितलं. खरं म्हणजे आठवी आली होती. ज्येष्ठात सहदेव तिला पत्र्याची पेटी घेऊन अमरावतीच्या मोटारीत बसवून आला आणि घरी न जाता माझ्या ओट्यावर येऊन रडला. मी त्याला रडू दिलं. माझेही डोळे काही कोरडे नव्हते.

कार्तिकात, तुळशीचं लग्न उरकल्यावर तो पुन्हा आला. मुद्रा गंभीर.

"खुशालरावाचा निरोप आला, महाराज. दुसरीकडं जमलं नाई त्याईचं. म्हन्ते, पोरीले आता पंधरा पुरे झाले, मार्गशीर्षातला मुहूर्त काढा."

मुहूर्त मीच कबूल केला होता. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणू? मी पंचांग घ्यायला हात लांबवला, तर सहदेवानं माझा हात धरला. उभ्या जन्मात त्यानं मला असं शिवलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या ते. मी त्याईले सांगून आलो."

"काय सांगितलंस?"

"सांगतलं, पोरीचं शिकनं दोन वर्साचं हाय. पहिलं वर्स चालू हाय." त्यानं माझ्यापुढे रिकामी मूठ उघडली. "झालं किती? एकबी नाई."