बारा चमचे तूप

माझी नणंद राही मुदतीच्या तापातून उठली तेव्हा तिला खाटेवरून उचलायला मी एकटी पुरत होते. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही धसईला राहायचो, ती वैशाखऱ्याला दिलेली. तिचा नवरा जयराम तिला आमच्याकडे टाकून गेला आणि सांगून गेला, "मार्गशीर्षापर्यंत धड झाली तर नेतो. नायतर आयेने दुसरी बघलीय."

मुरबाडच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर उभी केली. अठ्ठ्याहत्तर रत्तल. "सत्त्याऐंशी झाली की खुशाल न्या," ते म्हणाले. आमच्या घरात भात आणि नाचणीची भाकरी, पण तिच्यासाठी त्यांनी गव्हाच्या सहा पोळ्या सांगितल्या. दर पोळीला दोन चमचे तूप, आणि दूध. आमच्या बारकूने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कल्याणहून गहू आणले. तूप घरच्या म्हशीचं.

माझी पोर तेव्हा तीन महिन्यांची होती, अंगावर पिणारी. दिवसभर माझ्या पोटात नुसती आग पडलेली असायची. सासू चुलीपाशी बसून राहीच्या पोळीवर पडणारं तूप डोळ्यांनी मोजायची, आणि मी ते पसरताना त्या वासाने कासावीस व्हायची. चाटायला बोटसुद्धा मिळत नव्हतं. मग एक दिवस मी म्हटलं, "आत्या, तूप कणकेतच मळते. पोळी मऊ हुते, अंगालाबी लागते." सासूला पटलं. तिने बारा चमचे परातीत पडताना पाहिले आणि ती उठून गेली. परातीत पीठ दुप्पट होतं, ते तिने पाहिलं नाही. दळण माझ्याच हातचं, मला कोण विचारणार?

बारा पोळ्या झाल्या. सहा राहीच्या ताटात, सहा माझ्या पदराखाली. गोठ्यात म्हशीच्या आडोशाला उभी राहून मी त्या खाल्ल्या. दोन महिने खाल्ल्या. पहिल्या दिवशी राहीने विचारलं होतं, "वैनी, वर तूप नाय?" मी म्हटलं, "कणकेत हाय गो." खोटं कुठे बोलले होते! स्वतःला हेच सांगत मी गोड खात होते, मेली.

मार्गशीर्षात आम्ही मुरबाडला गेलो. मी, राही, बारकू आणि तिला न्यायला आलेला जयराम. काटा ब्याऐंशीवर थांबला.

डॉक्टर चिडले. "तूप देत होता ना?"

"बारा चमचे रोज," बारकू म्हणाला. "आयेच्या डोळ्यांदेखत."

मग मी एक आशेचा धागा पकडला. "डॉक्टरसाहेब, आमी तूप कणकेत घालतो. तव्यावर जळून जात आसंल का वो त्याचं बळ?" ते 'हो' म्हणाले असते तर सगळा दोष तव्यावर गेला असता. मी देवाचं नाव घेत होते.

"तूप म्हणजे काय पाणी आहे, वाफ होऊन उडायला?" ते म्हणाले. "एका चमच्यात चाळीसेक उष्मांक. वरून लावा नाहीतर आत मळा, तेवढेच राहणार. उलट वरचं थोडं बोटांना लागतं, ताटाला लागतं. आतलं सगळं पोटात जातं. बारा चमचे रोज हिच्या पोटात गेले असते तर हिचं वजन सत्त्याऐंशी व्हायलाच हवं होतं. मग ते गेले कुठे?"

पोर माझ्या कडेवर होती. गुटगुटीत, गालांना वळ्या पडलेली. राहीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला त्या क्षणी कळलं की तिला हे केव्हापासूनच ठाऊक आहे.

"मी रेडकाला घालत व्हते पोळ्या," राही म्हणाली. "निम्म्या. तोंडाला चव नव्हती."

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. बारकू माझ्याकडे बघत होता, त्याला ठाऊक झालं असतं तर त्याने मला माहेरी घालवलं असतं, पोरीसकट. मी पोरीचं टोपडं सारखं करत बसले.

"तुमी कल्याणवरून गहू आणायचा, आणि ही रेडकं पोसते," जयराम म्हणाला. "हिला नांदायचंच नाय." तो तिथूनच वैशाखऱ्याच्या रस्त्याला लागला. माघात त्याने दुसरी केली.

परतताना बारकू पुढे बैल हाकत होता, गाडीत मागे मी राहीचा हात धरला. हळूच म्हटलं, "का गो बोललीस तसं?"

"तुझं दूध आटलं असतं तर पोरीने काय प्यायचं?" ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

त्या रात्रीपासून मी तिच्या पोळीवर तूप थापत गेले, सासू ओरडेपर्यंत. होळीला राही सत्त्याऐंशी रत्तल भरली. तिला न्यायला कोणीच आलं नाही.