ऐकण्याचं यंत्र

बारावी सायन्सनंतर हर्षाली मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटली होती. तिसऱ्यांदा बसायचं, हे तिच्या वतीनं वडिलांनी, अप्पांनी ठरवलं. त्यांच्या झेंडूच्या मळ्यावर येणारेजाणारे तर तिला आतापासूनच नाडी दाखवत.

अप्पांना कमी ऐकू येई, म्हणून नाशिकच्या कानाच्या डॉक्टरांनी त्यांना श्रवणतपासणी केंद्रात धाडलं. सोबत हर्षाली होती. तिथल्या बाईंनी त्यांना बंद खोलीत बसवून हेडफोन लावले. "शिट्टी ऐकू आली की बोट वर करा." अप्पांनी शांततेतही बोट वर केलं. नापास होणं त्यांनी हर्षालीकडे सोपवलं होतं.

"डॉक्टरीणबाई, किती मार्क पडले?"

"मी डॉक्टर नाही, ऐकणं तपासणारी ऑडिओलॉजिस्ट. बारावी सायन्सनंतर याची वेगळी डिग्री असते," असं म्हणत बाईंनी त्यांच्या कानात यंत्र बसवलं. "हं, मुली, बोल काहीतरी."

हर्षालीनं सगळं बळ एकवटलं. "अप्पा, मला हेच शिकायचंय. डॉक्टर नाही व्हायचं."

अप्पांच्या चेहऱ्यावर दिसलं, शब्द न शब्द पोचला होता. त्यांनी यंत्र काढलं आणि जपून खिशात ठेवलं.

"भारी हाय यंत्र," ते म्हणाले. "पण ब्याटरी वाचवाया पायजे. चल, क्लासला उशीर होतोय तुला."