दोन तासवाल्यांचा कप्पा

वहिनीला एकवीस किलोमीटरची शर्यत दोन तासांच्या आत संपवायची होती. गेल्या वर्षी संकोचून ती सुरुवातीच्या रेषेमागे वेगानुसार आखलेल्या कप्प्यांपैकी सर्वांत मागच्या कप्प्यात उभी राहिली आणि गर्दीत नागमोडी वाट काढतानाच दमली. यंदा सोबत धावणाऱ्या नणंदेने तिला दोन तासवाल्यांच्या कप्प्यात ओढलं.

शिट्टी वाजली. माणसं लोंढ्यासारखी दोन्ही बाजूंनी पुढे सरली.

“वन्सं, सगळे चालले की!”

“जाऊ देत. तुमची वेळ तुम्ही सुरुवातीची पट्टी ओलांडल्यावरच सुरू होईल. गर्दीत फट शोधू नका, सरळ धावा.”

एवढ्या सबुरीनं कसं जमणार, याचं वहिनीला नवल वाटत राहिलं. मग चढावर तीच माणसं धापा टाकत दिसली. तिचे पाय अजून ताजे होते.

“वन्सं, आता?”

“आता सुटा!”

दोन तास व्हायला मिनिटभर उरलं असताना वहिनी शेवटच्या कमानीखालून गेली.