जोडीची नळी

रांगत रांगत लेक सासऱ्यांच्या कारखान्यात शिरली आणि तिने दिव्याच्या पाटीची नळी फोडली. मी धावले, तेव्हा ती काचांत बसून बोटं चोखत होती.

"बाबा, ह्या नळीत काय होतं?"

"निऑन असेल तर निभावलं, सूनबाई. आर्गॉन असेल तर आम्ही पाऱ्याचा थेंबही घालतो."

विझलेल्या नळ्या सारख्याच दिसतात. त्याच अक्षराची, तिच्यासोबतच त्याच गॅसने भरलेली जोडीची नळी त्यांनी ट्रान्सफॉर्मरला जोडली.

"केशरी पेटली तर निऑन, निळी तर आर्गॉन. केशरी पेटली की चहा टाक," ते उसनं हसले.

नळी पेटली. कडेवरच्या लेकीचा चेहरा निळाशार झाला. तिने आनंदाने टाळ्या वाजवल्या.

बाबांनी बटण बंद केलं. फरशीवर पारा कुठेच दिसत नव्हता.