सोळा अक्षरं

फ्लॉईडला जाऊन महिना झाला तेव्हाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, तेजस्वी गेली नाही. त्याआधी, गास गावातल्या त्याच्या घरात लोक बसायला येत होते तेव्हा, ती त्याच्या वडिलांना एक शब्द देऊन बसली होती आणि तो अजून पुरा झाला नव्हता.

शब्द द्यायची तशी काही गरज नव्हती. पास्कल अंकल ओटीवर खुर्चीत बसले होते. लोक येत, त्यांचा हात हातात घेत आणि जात. तेजस्वीला काय बोलावं ते सुचेना, म्हणून जे खरं होतं तेच ती बोलून गेली.

“अंकल, त्याने तुमच्यासाठी काहीतरी लिहून ठेवलंय. आमच्या स्पर्धेच्या कोड्यात. मी काढून आणते.”

अंकलनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली होती.

बाप-लेकाचं बोलणं बंद होतं, हे कॉलेजात फक्त तिला ठाऊक होतं. फ्लॉईडला कॉलेजातूनच बंगळुरूची नोकरी मिळाली तेव्हा घरात भांडण झालं. वाडीतला सोनचाफा पुढे कोण बघणार, इथून सुरू झालेलं बोलणं भलतीकडेच गेलं. शेवटी पास्कल म्हणाले, जातोस तर परत येऊ नकोस. फ्लॉईडने कपडे उचलले आणि फुलपाड्याला मित्राच्या खोलीवर राहायला गेला. तिथून कॉलेजला येताना तुळिंजजवळ एका टँकरने त्याची दुचाकी उडवली. पाठीवरच्या बॅगेतला लॅपटॉपही चेपला गेला. दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि यातून काही निघणार नाही म्हणून परत दिला.

कॉलेजातल्या सहा-सात जणांच्या मंडळाने नवख्यांसाठी एक स्पर्धा ठरवली होती. कोडी सोडवायची आणि प्रत्येकात दडवलेलं एक वाक्य शोधून काढायचं. त्या वाक्याला सगळे फ्लॅग म्हणतात. ते ओळखू यावं म्हणून सुरुवातीला इंग्रजीत ‘फ्लॅग’ ही चार अक्षरं, मग महिरपी कंस, आत वाक्य आणि शेवटी कंस बंद, अशी त्याची ठरलेली मांडणी असते. गुप्तलिपीच्या विभागातली तीन कोडी फ्लॉईडकडे होती.

मंडळाचा एक नियम होता. एकाने कोडं रचायचं आणि दुसऱ्याने त्याचा प्रोग्राम न उघडता, स्पर्धकासारखं ते सोडवून बघायचं. फ्लॉईडची कोडी तपासायचं काम तेजस्वीकडे आलं होतं.

पहिलं अगदी सोपं होतं. प्रत्येक अक्षर ठराविक घरं पुढे सरकवलेलं. दुसऱ्यात प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरंच कुठलं तरी अक्षर होतं. तिने नेहमीप्रमाणे मोजणी केली, सर्वांत जास्त वेळा आलेलं अक्षर ई मानलं, कारण इंग्रजीत एरवी तेच जास्त येतं, आणि अख्खी दुपार घालवली.

“साठ अक्षरांत ईवर विश्वास ठेवलास?” फ्लॉईड हसून हसून बाकावर आडवा झाला होता. “अगं, पानभर मजकूर असेल तर ई पुढे येणार. साठ अक्षरं म्हणजे आमच्या गल्लीतली निवडणूक. कोणीपण निवडून येतो.”

“मग कोण आलं निवडून?”

“ओ. मुद्दाम ओवाले शब्द भरलेत.”

“नालायक आहेस.”

“आणि इंग्रजी ‘द’, टी-एच-ई, तीनदा आलाय, तो बघितलाच नाहीस. तीन अक्षरांचा तोच तोच शब्द दिसला की आधी तिथे हात घालायचा.” मग उठून बसत तो म्हणाला होता, “तिसऱ्यात पप्पांना लिहिलंय. त्या दिवशी मम्मी त्यांना घेऊन येणार आहे. कोणीतरी पोरगं मोठ्या पडद्यावर ते उघडेल, तेव्हा वाचतील. तोंडावर मला नाही जमत.”

“काय लिहिलंयस?”

“तपासणारी तू आहेस ना? काढ.”

तिसरं कोडं आणि ते बनवणारा प्रोग्राम त्याने मंडळाच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकला. उत्तर मात्र ती तपासून झाल्यावर यादीत भरणार होता. तेवढ्यात ते सगळं झालं.

आता ती कोड्यासमोर बसत होती. बावीस आकड्यांची एक ओळ, प्रत्येक अक्षरासाठी एक आकडा. खाली फ्लॉईडची सूचना: ‘एक्सॉर आहे. किल्ली छोटी आहे आणि पुन्हा पुन्हा येते. घाबरू नका.’

एक्सॉर ही नवख्यांना शिकवायची पहिलीच गोष्ट. अक्षराचे शून्य-एक आणि किल्लीचे शून्य-एक एकाखाली एक मांडायचे. सारखे असतील तिथे शून्य, वेगळे असतील तिथे एक. तीच किल्ली पुन्हा लावली की मूळ अक्षर परत येतं. आणि मूळ अक्षर ठाऊक असेल, तर त्याच रीतीने किल्लीही हाती येते.

तिने आधी एकाच अक्षराची किल्ली धरून सगळ्या शक्यता लावून पाहिल्या. वाचता येईल असं काही आलं नाही. मग तिने फ्लॅगची सुरुवात वापरली. चार अक्षरं आणि कंस, हे पाच तर ठाऊकच होते. त्यातून किल्लीचे पहिले पाच आकडे मिळाले. किल्ली दोनची असती तर तिसरा आकडा पहिल्यासारखा आला असता, तीनची असती तर चौथा. आला नाही. चारची असती तर पाचवा पहिल्यासारखा आला असता. तोही आला नाही. शेवटचा कंस ठाऊक होता, त्यावरून तिने पाच, सहा आणि सातची किल्लीही तपासली. जुळलं नाही. मोजणी करावी, तर बावीस आकड्यांत धड काही दुसऱ्यांदा येतही नव्हतं.

आपलंच काहीतरी चुकतंय असं तिला वाटत राहिलं. फ्लॉईडने सोपं म्हटलं होतं, म्हणजे ते सोपंच असणार. शेवटी एका दुपारी प्रयोगशाळेत बसून तिने नियम मोडला आणि त्याचा प्रोग्राम उघडला.

सात-आठ ओळी होत्या. वाक्य एका फाईलमधून घ्यायचं, किल्ली संगणकाने आपल्या मनाने, कुठल्याही आकड्यांची बनवायची, आणि दोन्ही एक्सॉर करायचे. किल्ली किती लांब, ते सांगायच्या जागी तीन हवं होतं. तिथे त्याने वाक्याची लांबी लिहिली होती. किल्ली वाक्याएवढीच झाली होती. ती पुन्हा येतच नव्हती. आणि ती कुठे जपून ठेवायची ओळही नव्हती. प्रोग्राम एकदा चालला, किल्ली बनली, वापरली गेली आणि पुसली गेली. वाक्याची फाईल फक्त त्याच्या लॅपटॉपवर होती.

तिने ती ओळ भूपेशला दाखवली. भूपेश मंडळाचा प्रमुख. स्पर्धा चार दिवसांवर आली होती आणि त्याची दाढी वाढली होती.

“म्हणजे?” त्याने विचारलं.

“म्हणजे हे कोणालाच सुटणार नाही. मला नाही, तुला नाही, जगात कोणालाच नाही. किल्लीचा प्रत्येक आकडा एकदाच वापरलाय. मोजायला काही उरलेलंच नाही.”

“साला,” भूपेश हळूच म्हणाला. “सोपं करायला बसला आणि तिजोरी बनवून गेला.”

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. पास्कलना दिलेल्या शब्दाचं तिने त्याला आधीच सांगितलं होतं.

“बरं, ऐक,” तो म्हणाला. “त्यांना हवं तसं काहीतरी लिही. फ्लॅग आणि कंस सोडून सोळा अक्षरं उरतात, तेवढ्यात बसव. किल्ली तू बनवशील, वाक्य निघेल. तपासणार कोण?”

“मी.”

“तू सोडून.”

“कोणी नाही.”

“मग झालं. बापाला बरं वाटेल. यात वाईट काय आहे, सांग.”

 घरी जाऊन तेजस्वीने वाक्य बसवलं. ‘पप्पा मी येतो ना.’ ती आणि फ्लॉईड फोनवर लिहायचे तसं इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये खालच्या रेघा टाकून ते बरोबर सोळा भरलं. बावीस आकड्यांशी एक्सॉर करून तिने त्याची किल्ली काढली, ती परत लावली, आणि पडद्यावर वाक्य आलं. ते पाहून क्षणभर तिला स्वतःलाच ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गासला गेली. पास्कल वाडीतल्या शेडमध्ये फुलं भरत बसले होते. फ्लॉईडच्या आईने, रोझमेरी आंटीने, तिला पाणी दिलं आणि काही न विचारता ती घरात गेली.

“ये बाय, बस,” पास्कल म्हणाले. “मिळालं?”

तिने लॅपटॉप उघडला. वाक्य पडद्यावर तयारच होतं, फक्त तो त्यांच्याकडे वळवायचा होता.

“कसं काढलंस ते आधी सांग,” ते म्हणाले. “जेवताना तो मला शिकवायचा. जास्त वेळा येतं ते अक्षर धरायचं, मग बाकीची. मला काही कळायचं नाही, पण मी ऐकायचो. इथे कुठलं अक्षर जास्त आलं?”

तेजस्वीने पडद्याकडे पाहिलं. एखादं अक्षर ठोकून द्यायला हरकत नव्हती. तिच्या तोंडून ते निघेना.

“अंकल, मी काढलं नाही,” ती म्हणाली. “मी बनवलं.”

मग तिने सगळं सांगितलं. एका ओळीतली चूक, हरवलेली किल्ली, फुटलेला लॅपटॉप. पास्कलना कितपत कळत होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना. म्हणून तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

“हे त्याचे आकडे. ही एक किल्ली लावली की येतं, ‘पप्पा मी येतो ना’.” तिने दुसरी किल्ली बनवून लावली. “आकडे तेच. ही लावली की येतं, ‘पप्पा मी येत नाय’. दोन्हींना सोळाच अक्षरं लागतात. यातलं कुठलं त्याने लिहिलं, की तिसरंच काही, हे या आकड्यांवरून कोणीच सांगू शकत नाही.”

पास्कलनी दोन्ही वाक्यं वाचली. पुन्हा वाचली.

“पप्पा असं तरी लिहिलं असेल?”

“तेही सांगता येत नाही.”

“चिडलेला होता का, ते तरी सांग.”

“माझ्याशी बोलला तेव्हा नव्हता. म्हणाला, तोंडावर जमत नाही. तेवढं मी माझ्या कानांनी ऐकलंय. आत काय लिहिलं, ते नाही माहीत.”

“आणि सोळा?”

“सोळा नक्की. कंसाच्या आत सोळाच.”

त्यांनी मान हलवली. हातातली फुलं तशीच होती.

“‘मला यायचं नाही’,” ते म्हणाले. “मोज.”

तिने इंग्रजी अक्षरं आणि रेघा धरून बोटांवर मोजलं. तिला खोटं सांगायचं नव्हतं. “सोळा. बसतं.”

“‘मला माफ करा’?”

“तेरा. नाही बसत.”

“तो तसं म्हणालाही नसता,” पास्कल म्हणाले. “चूक माझी होती.” ते शेडच्या बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “‘घरी ये’.”

“अंकल, हे तर...”

“मोज ना.”

“आठ.”

“दोनदा म्हटलं तर?”

तिने दोनदा मोजलं. मधली रेघ धरून. “सतरा. एक जास्त होतं.” त्यांचा चेहरा बघून ती घाईने म्हणाली, “मधली रेघ काढली तर सोळा होतील. बसवते मी.”

“नको,” पास्कल म्हणाले. “ते त्याचं नाही. ते मी म्हणायला हवं होतं.”

तिने लॅपटॉप मिटला. घरातून येणारा भांड्यांचा आवाज थांबला होता. रोझमेरी आंटी दारात उभी होती, आणि तिने किती ऐकलं होतं ते कोणी विचारलं नाही.